जुन्या टाक्यांवर बसलेली वार



बेंबळी परिसरातील वस्त्यांवर मी परिचारिका म्हणून फिरते. गरोदर बायांचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहणे हे माझे नेहमीचे काम. या तिमाहीत एका पारधी वस्तीवरील बहिणीविषयी लिहीत आहे. तिचे नाव देत नाही. वय २६, दोन मुले, दोन्ही सिझरची. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या कागदावर लिहिले होते, "वार खाली आहे." मी तिला म्हटले, "काळजी करू नकोस बाई, गर्भपिशवी वाढली की वार वर सरकते." हे खोटे नव्हते. पाचव्या महिन्यात खाली दिसणारी वार बहुतेक जणींमध्ये पुढे वर जाते. पण मी एक प्रश्न विचारायला विसरले. ती वार जुन्या सिझरच्या टाक्यांवर तर बसलेली नाही ना?

वार म्हणजे बाळाला आईकडून अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव. गर्भपिशवीच्या आत एक मऊ अस्तर असते आणि वार त्या अस्तरावर चिकटते. बाळ जन्मले की त्याच अस्तरातून ती सुटून बाहेर येते. सिझरमध्ये पिशवी जिथे कापून शिवलेली असते, तिथे मात्र हे अस्तर नीट भरून येत नाही. वार नेमकी त्या वणावर बसली, तर तिची मुळे थेट स्नायूत शिरतात, कधी स्नायू ओलांडून लघवीच्या पिशवीपर्यंतही जातात. याला डॉक्टर प्लॅसेंटा अ‍ॅक्रीटा म्हणतात. अशी वार बाळंतपणानंतर सुटत नाही. ती ओढली तर रक्तवाहिन्या उघड्या पडतात. नऊ महिने भरताना गर्भपिशवीत दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त फिरत असते. मग हातात किती वेळ उरतो ते आपणच पाहा.

अमेरिकेत ३० हजारांहून अधिक सिझरच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसरे सिझर होणाऱ्या स्त्रीची वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, तर १०० पैकी सुमारे ४० जणींमध्ये ती अशी रुतलेली आढळली. वार तोंडावर नसेल, तर तिसऱ्या सिझरलाही हे प्रमाण शंभरात एकाहून कमी होते. म्हणजे नुसते सिझर किंवा नुसती खाली असलेली वार एवढी धोक्याची नाही. दोन्ही एकत्र आले की सावध व्हायचे.

अठ्ठावीसाव्या आठवड्यात आम्ही तिला धाराशिवला पुन्हा सोनोग्राफीला नेले. चिठ्ठीवर मी आधीच्या सिझरचा उल्लेखच केला नव्हता. पोटावरचा वण पाहून डॉक्टरांनीच विचारले, "सिझर किती झालीत?" मग त्यांनी तिला पाणी प्यायला लावले. लघवीची पिशवी थोडी भरलेली असली की तिच्या आणि गर्भपिशवीच्या मधली रेघ स्पष्ट दिसते. त्यांनी पडद्यावर मला तीन गोष्टी दाखवल्या. वारेखाली एक काळसर पट्टी दिसायला हवी, ती टाक्यांच्या जागी नव्हती. वारेत वेडीवाकडी काळी भोके होती, कसर लागलेल्या कापडासारखी. ती रक्ताची तळी. आणि रंगीत डॉपलर लावताच लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे जाळे उजळले. वार अजूनही तोंडावरच होती.

पुढे सोलापूरच्या डॉक्टरांनी तिसाव्या आठवड्यात एमआरआय करायला सांगितला. ती घाबरली. "सिस्टर, लेकराला काय व्हईल का?" एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, रंगाचे इंजेक्शनही तिला दिले नाही. अर्धा-पाऊण तास मोठा आवाज ऐकत स्थिर पडून राहायचे, एवढेच. सोनोग्राफीत शंका आली आणि वार किती खोल, कोणत्या बाजूला गेली हे ठरेना, किंवा वार पाठीमागच्या भिंतीवर असली, की एमआरआयचा उपयोग होतो. तिच्या चित्रात वारेत गडद पट्टे होते आणि पिशवीचा खालचा भाग उजवीकडे फुगला होता. लघवीच्या पिशवीच्या आत वार गेल्याचे दिसले नाही.

तरीही अहवालाच्या शेवटी शब्द होता, "संशय". तिच्या सासूबाईंनी विचारले, "एवढा खर्च करून बी संशयच?" डॉक्टर म्हणाले, "आजी, दोन्ही तपासण्या कधी कधी चुकतात. खरे काय ते पोट उघडल्यावरच कळते. पण संशय असताना तयारी केली आणि वार सहज सुटली, तर काही बिघडत नाही. तयारी नसताना सुटली नाही, तर बाई हातची जाते."

तयारी अशी झाली. हिमोग्लोबिन ८.२ होते. शिरेतून लोहाची औषधे देऊन ते शस्त्रक्रियेपर्यंत १०.४ वर आणले. तेहतिसाव्या आठवड्यापासून ती रुग्णालयाजवळच राहिली, कारण बेंबळीहून सोलापूरला पोचायला दीड-दोन तास लागतात आणि रक्तस्राव रात्रीही सुरू होऊ शकतो. रक्तपेढीत तिच्या गटाच्या पिशव्या राखून ठेवल्या. कळा सुरू होण्याआधीचा, पस्तिसावा आठवडा ठरला. बाळाच्या फुप्फुसांसाठी आधी आईला इंजेक्शने दिली.

सर्वांत अवघड होते ते गर्भपिशवी काढण्याविषयीचे बोलणे. वार रुतलेली निघाली, तर ती न ओढता पिशवीसकट काढणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग असतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाळी जाईल, पर म्या ऱ्हाईन ना?" डॉक्टरांनी सांगितले की अंडाशये शक्यतो ठेवतात, त्यामुळे लगेच म्हातारपण येत नाही. तिने अंगठा उमटवला.

शस्त्रक्रियेत पोट उघडताच पिशवीच्या खालच्या भागावर निळसर फुगवटा दिसला. डॉक्टरांनी तिथे हात लावला नाही. पिशवी वरच्या बाजूने उघडून बाळ काढले, नाळ बांधली, वार तशीच ठेवून पिशवी काढली. सुमारे दोन लिटर रक्त गेले, चार पिशव्या चढवल्या. लघवीची पिशवी शाबूत राहिली. मुलगी २ किलो १०० ग्रॅमची होती आणि काही दिवस नवजात कक्षात होती. काढलेल्या पिशवीच्या तपासणीत वार स्नायूत शिरल्याचे पक्के झाले. आज मायलेकी वस्तीवर आहेत.

आता मी प्रत्येक सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर आधीची सिझर किती, हे सर्वांत वर लिहिते. तुमच्या घरात किंवा मंडळीत सिझर झालेली कोणी पुन्हा गरोदर असेल, तर तिने सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. वार कुठे आहे? ती जुन्या टाक्यांवर आहे का? उत्तर "हो" आले, तर बाळंतपण जवळच्या लहान दवाखान्यात ठरवू नये. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि पिशवी काढू शकणारे शल्यविशारद जिथे आहेत, तिथे वेळेआधी पोचावे. आणि आधीच्या सिझरचे कागद कधीही टाकू नयेत. आमच्या या बहिणीचे कागद पावसात भिजून गेले होते. पोटावरचा वण तेवढा शिल्लक होता, म्हणून डॉक्टरांनी विचारले.