हीथ-कार्टर पद्धतीने शरीरप्रकाराचे मूल्यांकन : मापनातील दोन कळीच्या जागा

प्रास्ताविक :

मुंबई उपनगरातील अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या परिसरातील महाविद्यालयांत कबड्डी संघाची निवडचाचणी घेताना खेळाडूंच्या शरीरप्रकाराची नोंद ठेवण्याचा विचार शारीरिक शिक्षण विभागांपुढे येतो. या नोंदीवरून विद्यार्थ्याला संघात घ्यावयाचे किंवा नाही, असा निर्णय होणार असेल तर त्यामागील आकडे कसे तयार होतात हे जाणून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात एका काल्पनिक खेळाडूच्या मापांच्या आधारे ही पद्धती व तिच्यातील दोन नेहमीच्या चुका स्पष्ट केल्या आहेत.

पद्धतीचे स्वरूप :

विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये छायाचित्रांच्या निरीक्षणावरून शरीरप्रकार ठरविण्याची पद्धती मांडली. बार्बरा हीथ व लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये तिच्यात बदल करून प्रत्यक्ष मापांचा आधार दिला. तीत तीन अंक क्रमाने लिहिले जातात. एन्डोमॉर्फी म्हणजे सापेक्ष मेदप्रधानता, मेसोमॉर्फी म्हणजे उंचीच्या तुलनेत अस्थी व स्नायूंचा भरीवपणा आणि एक्टोमॉर्फी म्हणजे सापेक्ष कृशता होय.

गणनेचे उदाहरण :

समजा, एका खेळाडूची उंची १६८ सें.मी. व वजन ६६ कि.ग्रॅ. आहे. कॅलिपरने घेतलेल्या त्याच्या त्वचेच्या घड्या अशा आहेत : दंडामागे (ट्रायसेप्स) ९, खांद्याच्या पात्याखाली १३, कमरेवर पुढील बाजूस (सुप्रास्पायनेल) १० व पोटरीवर ८ मि.मी. कोपराच्या हाडाची रुंदी ६.८ व गुडघ्याची ९.५ सें.मी. असून आवळलेल्या दंडाचा घेर ३३ व पोटरीचा ३५.८ सें.मी. आहे.

एन्डोमॉर्फीसाठी पहिल्या तीन घड्यांची बेरीज (३२) घेऊन तिला १७०.१८ ÷ उंची या गुणोत्तराने गुणतात. येथे क्ष = ३२.४ येतो.

एन्डोमॉर्फी = −०.७१८२ + ०.१४५१ क्ष − ०.०००६८ क्ष² + ०.०००००१४ क्ष³ = ३.३

मेसोमॉर्फीसाठी दोन्ही घेरांतून त्या त्या जागेची घडी वजा करतात. त्यामुळे दंड ३२.१ व पोटरी ३५.० सें.मी. उरते.

मेसोमॉर्फी = ०.८५८ × कोपर + ०.६०१ × गुडघा + ०.१८८ × दंड + ०.१६१ × पोटरी − ०.१३१ × उंची + ४.५ = ५.७

एक्टोमॉर्फीला केवळ उंची व वजन पुरेसे असते. उंचीला वजनाच्या घनमुळाने भागले असता ४१.५७ येतात. हे गुणोत्तर ४०.७५ किंवा अधिक असल्यास ०.७३२ × गुणोत्तर − २८.५८ हे सूत्र लागते व उत्तर १.९ येते. (त्याहून कमी गुणोत्तरासाठी वेगळे सूत्र आहे.)

अशा रीतीने शरीरप्रकार ३.३–५.७–१.९ ठरतो. मेसोमॉर्फी सर्वाधिक असून एन्डोमॉर्फी एक्टोमॉर्फीपेक्षा अर्ध्या एककाहून अधिक असल्याने हा खेळाडू 'एन्डोमॉर्फिक मेसोमॉर्फ' या गटात येतो.

चुकीच्या दोन जागा :

पहिली चूक एककाची आहे. घडी मिलिमीटरमध्ये तर घेर सेंटिमीटरमध्ये मोजला जातो. म्हणून वजा करण्यापूर्वी घडीला १० ने भागणे आवश्यक आहे. ते राहून गेल्यास दंड २४ व पोटरी २७.८ धरली जाते आणि मेसोमॉर्फी ५.७ ऐवजी ३.० येते. भरीव बांध्याचा खेळाडू कागदावर मेदप्रधान गटाच्या सीमेवर जातो. ही चूक ओळखता येते. एक्टोमॉर्फी कमी म्हणजे उंचीच्या मानाने वजन जास्त. ते वजन मेदात किंवा स्नायू-अस्थींत दिसलेच पाहिजे. तिन्ही अंक एकाच वेळी कमी आल्यास गणना पुन्हा तपासावी.

दुसरी चूक जागेची असून ती अधिक फसवी आहे. सुप्रास्पायनेल घडी कमरेच्या हाडाच्या पुढील टोकापासून सुमारे ५ ते ७ सें.मी. वर, बगलेच्या पुढील कडेकडे जाणाऱ्या रेषेवर, खाली व आत तिरकी घेतात. पूर्वी याच जागेला 'सुप्राइलियॅक' म्हणत. आज त्या नावाने अनेकदा कमरेच्या कडेवरील घडी घेतली जाते व ती सामान्यतः जाड असते. वरील उदाहरणात १० ऐवजी १६ मि.मी. नोंदल्यास एन्डोमॉर्फी ३.३ वरून ३.९ होते. हा आकडा संभाव्य वाटत असल्याने गणनेवरून चूक लक्षात येत नाही. जागा पेनाने आखणे व प्रत्येक घडी दोनदा मोजणे हाच उपाय आहे. उपनगरातील दमट हवेत सरावानंतर घामाने त्वचा निसटते. म्हणून घड्या सरावापूर्वी, कोरड्या त्वचेवर घ्याव्यात.

निष्कर्ष :

एन्डोमॉर्फी ही शरीरातील मेदाची टक्केवारी नव्हे आणि मेसोमॉर्फी हे बळाचे माप नव्हे. केवळ मापनाच्या जागेमुळे अर्ध्या एककाहून अधिक फरक पडत असल्याने, दोन खेळाडूंमधील तेवढ्या फरकावरून कोणालाही संघातून वगळणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. एकाच मापकाने, त्याच जागी, ठराविक कालांतराने घेतलेल्या नोंदी मात्र एका खेळाडूतील बदल विश्वासार्हपणे दर्शवू शकतात.