न सांगता गेलेल्या नोकरास नोटीस : हजेरी वहीतून नाव खोडण्यापूर्वी

दुकानातला किंवा शिलाईखात्यातला माणूस न सांगता येईनासा झाला की आम्ही व्यापारी काय करतो? आठ-दहा दिवस वाट पाहतो आणि हजेरी वहीतून त्याचे नाव खोडतो. आमच्या हिशेबाने त्याने काम सोडले. कोर्टाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

जे. एम. ए. इंडस्ट्रीजचा कामगार डी. के. यादव डिसेंबर 1980 मध्ये गैरहजर असल्याचे मालकाने ठरवले. आठ दिवसांपेक्षा जास्त बिनरजा राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असे कलम तेथील स्थायी आदेशांत होते. त्यावर बोट ठेवून त्याला पत्राने कमी केले. यादवचे म्हणणे असे, की मला फाटकातून आतच येऊ दिले नाही. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कलम असले तरी चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. त्याला कामावर परत घ्यावे लागले, शिवाय मागचा निम्मा पगारही द्यावा लागला.

काम सोडले की नाही, हा इराद्याचा प्रश्न आहे. नोटीस पाठवायची ती हा इरादा विचारण्यासाठी.

समजा, हदगावच्या एका कापड दुकानातला सेल्समन 2 तारखेपासून आला नाही. 10 तारखेला मालकाने असे लिहावे : ‘आपण 2 तारखेपासून रजा न घेता व न कळवता गैरहजर आहात. ही नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत कामावर हजर व्हावे व कारण लेखी द्यावे. आजारी असल्यास डॉक्टरांचा दाखला पाठवावा. मुदतीत हजर न झाल्यास व खुलासाही न आल्यास आपली चौकशी करण्यात येईल आणि कामावरून कमी करण्यापर्यंत कारवाई होऊ शकेल.’

‘नाव आपोआप कमी झाले असे समजावे’ हे वाक्य त्यात घालू नये. यादवच्या खटल्यात मालक नेमका तेथेच अडकला.

नोटीस हदगावच्या पत्त्यावर व मूळ गावच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पाठवावी. 2025 पासून जुने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा मागावा. लखोटा ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आला, तर तो न फोडता जपून ठेवावा.

खरी परीक्षा पुढे आहे. माणूस पाचव्या दिवशी दारात उभा राहिला आणि त्याच्या जागी मालकाने आधीच दुसरा ठेवला असेल, तर नोटीस खोटी ठरते. त्याला आत घ्यावे, हजेरी लावावी आणि खुलासा लेखी घ्यावा. कारण न पटल्यास कारवाई नंतरही करता येते.

मुदत संपूनही तो आला नाही, तर चौकशीची तारीख कळवणारे दुसरे पत्र द्यावे. त्या दिवशी हजेरी वही आणि पोस्टाच्या पावत्या समोर ठेवून कागद करावा, मगच निर्णयाचे पत्र पाठवावे. केलेल्या दिवसांचा पगार मात्र अडवू नये. तो त्याच्या कष्टाचा आहे, गैरहजेरीचा नव्हे.

छोट्या दुकानाला स्थायी आदेश लागू नसतात. तरी भांडण कोर्टात गेले, तर विचारणा हीच होते : त्याला बोलावले होते का, आणि तो आला तेव्हा दार उघडे होते का?