94 डॉलरचा ग्राहक

ब्लू एप्रन ही न्यूयॉर्कची कंपनी मोजून दिलेले साहित्य आणि पाककृती असा खोका घरपोच पाठवत असे. जून 2017मध्ये शेअर बाजारात उतरताना तिने माहितीपत्रात सांगितले की एक नवा ग्राहक मिळवायला सरासरी 94 डॉलर लागतात. 2014 ते मार्च 2017 या काळातला मार्केटिंगचा खर्च त्याच काळात मिळालेल्या ग्राहकांनी भागून हा आकडा काढला होता. पद्धत छापलेली होती, आकडाही खोटा नव्हता. पण सव्वातीन वर्षांच्या सरासरीत सुरुवातीचे स्वस्त ग्राहक आणि अलीकडचे महाग ग्राहक एकत्र मिसळले होते. 2016च्या पहिल्या तिमाहीत मार्केटिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर गेले होते, वर्षभरानंतर त्याच तिमाहीत सहा कोटींहून जास्त. तेवढ्या काळात ग्राहक मात्र 6.49 लाखांवरून 10.36 लाखांवर गेले. म्हणजे खर्च सव्वादोन पटींहून अधिक वाढला, ग्राहक दीडपटीच्या थोडे पुढे. 2017च्या अखेरीस ते 7.46 लाखांवर घसरले.

गुंतवणूकदारांना दर तिमाहीला लिहिल्या जाणाऱ्या पत्रात नेमकी हीच जागा निसरडी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक कंपनी लाकडी घाण्याचे तेल ऑनलाइन विकते. एप्रिलमध्ये तिने मार्केटिंगवर 6 लाख खर्च केले आणि 1000 नवे ग्राहक मिळाले, म्हणजे ग्राहकामागे 600 रुपये. सगळा खर्च भागिले सगळे नवे ग्राहक, याला ब्लेंडेड खर्च म्हणतात. मात्र ‘सगळा खर्च’ म्हणजे फक्त जाहिरातींचे बिल नव्हे. एजन्सीची फी, मार्केटिंगच्या माणसांचे पगार, इन्फ्लुएन्सरला दिलेले पैसे हे सगळे त्यात आलेच पाहिजे. पहिल्या खरेदीवरची सवलत खर्चात धरली की विक्रीतून वजा केली, तेही पत्रात लिहावे. ती दोन्हीकडून गायब झाली तर आकडा फसवा होतो.

या 1000 जणांपैकी 400 जण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकून आले होते, जाहिरातीने आले ते 600. सगळा खर्च या 600 जणांवर मांडला तर तो माणशी 1000 रुपये होतो. मे महिन्यात कंपनीने 9 लाख ओतले आणि ग्राहक मिळाले 1200. ब्लेंडेड खर्च 750 झाला. वाढ वाईट दिसत नाही. पण वरच्या 3 लाखांनी फक्त 200 जादा ग्राहक आणले, म्हणजे त्यांच्यातला प्रत्येक जण 1500 रुपयांना पडला. पुढचा पैसा टाकायचा की नाही हे ठरवायला हाच आकडा कामाचा असतो, आणि पत्रात बहुधा तोच नसतो.

जून कमजोर गेला: 8 लाख खर्च, 800 ग्राहक, ग्राहकामागे 1000. तिन्ही महिने एकत्र केले की 23 लाखांत 3000 ग्राहक, सरासरी सुमारे 767. या एका आकड्यात जून दिसेनासा होतो. शिवाय एप्रिल-मेचे ग्राहक पुन्हा तेल मागवतात, त्यामुळे जूनची एकूण विक्री मेपेक्षा जास्तच भरू शकते. विक्रीचा चढता आलेख दाखवून अशा महिन्यावर पांघरूण घालता येते, म्हणून नव्या ग्राहकांची विक्री आणि जुन्यांची विक्री वेगळी मांडायला हवी.

आता पेबॅक, म्हणजे ग्राहकावर घातलेले पैसे किती महिन्यांत परत येतात. इथे विक्री धरायची नाही. तेल, बाटली, कुरिअर, पेमेंट गेटवेचे शुल्क आणि परत आलेला माल वजा जाऊन जे उरते तेच धरायचे. समजा, एप्रिलच्या ग्राहकांकडून माणशी पहिल्या महिन्यात 225 रुपये उरले आणि सहाव्या महिन्यात ही बेरीज 600 झाली. त्या तुकडीचा पेबॅक सहा महिन्यांचा. सप्टेंबरअखेर जूनची तुकडी चारच महिन्यांची असते. एप्रिलच्याच वेगाने चालली तरी तिला 1000 रुपयांपर्यंत पोचायला बराच काळ लागेल, आणि एवढा काळ सगळे टिकतीलच असे नाही. म्हणून अशा तुकडीपुढे ‘अजून वसूल नाही’ असेच लिहावे. एप्रिलचा वेग जूनला लावून पेबॅक जाहीर करणे मला चुकीचेच वाटते. आणि तोवर हे पैसे अडकलेले असतात: जितकी वेगवान वाढ, तितकी रोकड आधी बाहेर जाते.

जूनबद्दल पत्रात तीन-चार वाक्ये पुरतात. जाहिरात महागली की पाहणारे खरेदी करेनात? जाहिरातीवरच्या एका क्लिकचा दर तोच आणि खरेदीचे प्रमाण घटले असेल, तर दोष वेबसाइट, किंमत किंवा डिलिव्हरीत शोधावा. दर वाढला असेल तर जाहिरातीच्या जागेत किंवा त्याच त्या लोकांना पुन्हा दाखवण्यात. कारण, केलेला बदल आणि तो लागू पडला की नाही हे कोणत्या महिन्यात कळेल, एवढे लिहावे. ‘पावसाळ्यामुळे’ हे कारण मागच्या वर्षीच्या जूनचा आकडा शेजारी असेल तरच मानावे.

तुमच्या हाती असे पत्र आले, तर तिमाहीची सरासरी वाचण्याआधी महिनावार तक्ता मागा. तो दिला नाही, तर पुढचा पैसा थांबवा.