तारखेसारखी दिसते, पण तारीख नसते

मार्चअखेरचा हिशोब लावायला बसलेल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारांची कल्पना करा. बँकेच्या संकेतस्थळावरून वर्षभराचा खातेउतारा सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतला, एक्सेलमध्ये उघडला आणि २०२३-२४ या वर्षात जमा झालेल्या देखभाल शुल्काची बेरीज मांडली. बेरीज पासबुकाशी जुळेना. रकमा बरोबर होत्या, एकही ओळ गळालेली नव्हती. घोळ तारखांच्या रकान्यात होता. ५ मार्चला भरलेले पैसे एक्सेल ३ मे २०२४ ला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात दाखवत होते. १४ मार्चची नोंद तर बेरजेत आलीच नव्हती.

हे का होते, ते समजून घ्यायला एक्सेल तारीख कशी साठवते ते पाहावे लागते. एक्सेलच्या लेखी तारीख हा एक साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे रोज एकेक वाढवत जायचे. त्या हिशोबाने ५ मार्च २०२४ म्हणजे ४५३५६. सेलमध्ये दिसणारे दिवस, महिना आणि वर्ष हे त्या आकड्यावर चढवलेले रूप असते. आतमध्ये आकडा असल्यामुळेच तारखांची वजाबाकी होते, त्या क्रमाने लावता येतात आणि ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी बेरीज करता येते.

बाहेरून आलेल्या फाइलमध्ये मात्र तारीख ही नुसती दहा चिन्हांची ओळ असते: `05/03/2024`. तिचा आकडा करताना एक्सेल संगणकाच्या ‘रिजन’ सेटिंगकडे पाहते. तिथे अमेरिका निवडलेली असेल, तर पहिली जोडी महिन्याची धरली जाते. मग `05/03/2024` ची ३ मे होते आणि नोंद ५९ दिवस पुढे सरकते. `14/03/2024` मध्ये चौदावा महिना शोधावा लागतो. तो नसल्यामुळे एक्सेल ती नोंद मजकूर म्हणून तशीच ठेवते. एकाच रकान्यात काही तारखा उलटतात, काही मजकूर राहतात. २०२४ या वर्षाचे गणित मांडले तर ३६६ पैकी २२२ दिवस मजकूर राहतात, १३२ दिवसांचे दिवस आणि महिने अदलाबदल होतात आणि १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा केवळ १२ तारखा सुखरूप राहतात.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याला कोणतीही मांडणी दिलेली नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या कडेला. रकाना असा दोन्हीकडे विखुरलेला दिसला की फाइल बंद करावी आणि पुन्हा पहिल्यापासून आणावी. या वेळी डबल-क्लिकने न उघडता ‘डेटा’ मेनूतून मजकूर फाइल आयात करावी आणि तारखेच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा. आता सगळ्या तारखा मजकूर म्हणून येतात. त्यांच्यात ताळमेळ असतो आणि म्हणून त्या एकाच पद्धतीने दुरुस्त करता येतात.

दुरुस्तीचे काम तीन फंक्शन वाटून घेतात. `MID` मजकुरातून तुकडा काढते. कितव्या चिन्हापासून आणि किती चिन्हे घ्यायची, एवढे तिला सांगायचे. `05/03/2024` मध्ये पहिल्यापासून दोन चिन्हे म्हणजे दिवस, चौथ्यापासून दोन म्हणजे महिना, सातव्यापासून चार म्हणजे वर्ष. पण `MID` ने काढलेले `05` हे अजून मजकूरच असते. `VALUE` त्याचा आकडा करते. शेवटी `DATE` वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तीन आकडे घेते आणि खरी तारीख बनवते. मूळ तारीख A2 मध्ये असेल, तर शेजारच्या B2 मध्ये असे लिहायचे:

```
=DATE(VALUE(MID(A2,7,4)),VALUE(MID(A2,4,2)),VALUE(MID(A2,1,2)))
```

हा फॉर्म्युला संगणकाच्या सेटिंगला विचारतच नाही. दिवस कुठला आणि महिना कुठला हे लिहिणाऱ्याने ठरवलेले असते, त्यामुळे कुठल्याही संगणकावर उत्तर ५ मार्चच येते. सेलमध्ये तारखेऐवजी ४५३५६ दिसले, तर घाबरायचे कारण नाही. सेलचे रूप ‘डेट’ केले की झाले. तारखेऐवजी अख्खा फॉर्म्युलाच दिसला, तर तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा आहे. प्रकार ‘जनरल’ करून फॉर्म्युला पुन्हा टाकावा.

खरी काळजी घ्यायची ती `DATE` च्या समजूतदारपणाची. ती चुकीचा आकडा नाकारत नाही, पुढे-मागे सरकवून सामावून घेते. तेरावा महिना सांगितला तर पुढच्या वर्षीचा जानेवारी देते, ३१ फेब्रुवारी २०२४ सांगितली तर २ मार्च देते. दिवस आणि महिना चुकून उलट लिहिले गेले, तरी ती चूक दाखवत नाही, काहीतरी तारीख देतेच.

याचे एक ठळक उदाहरण पाहू. काही फाइलींत तारीख `5.3.2024` अशी, आधीच्या शून्याशिवाय आणि टिंबांनी तोडलेली येते. वरचा फॉर्म्युला इथे `5.` हा दिवस, `.2` हा महिना आणि `24` हे वर्ष म्हणून उचलतो. `VALUE` ला हे तिन्ही आकडे वाटतात. `DATE` महिना शून्य धरते, २४ मध्ये १९०० मिळवते आणि उत्तर येते ५ डिसेंबर १९२३. चूक झाल्याचा कुठलाही इशारा नाही. तेच `5/3/2024` असते, तर `5/` चा आकडा होत नाही म्हणून `#VALUE!` दिसले असते आणि चूक हाताशी लागली असती. वर्ष दोनच अंकी असेल, तर तिथे `MID(A2,7,2)` घेऊन त्यात २००० मिळवावे लागतात, नाहीतर २०२४ चे १९२४ होते.

म्हणून फॉर्म्युला खालपर्यंत ओढल्यावर तिसऱ्या रकान्यात एक पडताळणी मांडावी. बनलेल्या तारखेतला दिवस आणि महिना परत काढून मूळ मजकुराशी ताडून पाहायचा:

```
=AND(LEN(A2)=10,DAY(B2)=VALUE(MID(A2,1,2)),MONTH(B2)=VALUE(MID(A2,4,2)))
```

सगळीकडे `TRUE` आले, तर रकाना भरवशाचा. `FALSE` किंवा `#VALUE!` आलेल्या ओळी वेगळ्या काढून हाताने पाहाव्यात. बहुतेक वेळा तिथे तारखेच्या आधी-नंतर रिकामी जागा, एक अंकी दिवस किंवा दुसरेच काही चिन्ह असते.

मूळ फाइल आता हाती नसेल आणि उलटलेल्या तारखांचीच प्रत उरली असेल, तर आकडा झालेल्या सेलसाठी वेगळा फॉर्म्युला लागतो:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

हा महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना घालून अदलाबदल परत फिरवतो. मात्र तो वापरण्याआधी, या तारखा खरोखर उलटल्या आहेत याची कागदी पावतीवरून खात्री करून घ्यावी. बरोबर असलेली तारीख यातून गेली, तर तीच उलटेल.

खजिनदारांच्या उताऱ्यात फॉर्म्युला आणि पडताळणी दोन्ही लावल्यावर ५ मार्च आणि १४ मार्च दोन्ही नोंदी २०२३-२४ मध्ये येतात आणि बेरीज पासबुकाशी जुळते. मग B रकाना कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त किमती म्हणून चिकटवावा. A रकाना मात्र लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत तसाच ठेवावा, कारण बँकेने नेमके काय पाठवले होते याचा तोच पुरावा आहे.