जुन्या घरातील पाण्याची वाट

जुने घर घ्यावयास निघालेला गृहस्थ बहुधा प्रथम खोलीत शिरतो, खिडकी उघडून उजेड-वारा पाहतो, भिंतीचा रंग पाहतो आणि मग किमतीचे बोलणे काढतो. गिरगाव, लालबाग, परळ किंवा दादर येथील जुन्या इमारतींच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा, असे माझे सांगणे आहे. या घरांचा मोठा वैरी म्हणजे पाणी. आणि पाणी जेथे दिसते तेथूनच ते आलेले असते असे नाही. तेव्हा आधी खालच्या बिऱ्हाडाचे छत पाहावे, नंतर वरच्या बिऱ्हाडाची मोरी पाहावी, आणि आपली म्हणावयाची खोली सर्वांच्या शेवटी पाहावी.

समजा, गिरगावातील एका तीन मजली चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आपण पाहत आहोत. चाळ सागवानी खांबांवर उभी आहे; खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्यावर चुन्याचा कोबा व फरशी. भिंती विटांच्या व चुन्याच्या. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी आहे आणि तिच्या बरोबर खाली व वर त्याच जागी शेजाऱ्यांच्या मोऱ्या आहेत. पूर्वी या मोरीत भांडी घासली जात व अंघोळ होई. आता तेथेच पुष्कळांनी संडास बांधून घेतलेला असतो. फरशीचे सांधे उघडले म्हणजे पाणी कोब्यात मुरते आणि कडीच्या त्या टोकाशी जाऊन थांबते, जे भिंतीत गाडलेले असते. तेथे वारा लागत नाही, लाकूड कधी वाळत नाही. कडी मध्यभागी ठणठणीत, पण टोकाला भुसा झालेली, असा हा प्रकार असतो. खोलीच्या मधोमध उभे राहून वर पाहणाऱ्यास तो दिसावा कसा?

म्हणून पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे दार ठोठवावे आणि सरळ विचारावे, “काकू, मोरीतून वरचं पाणी येतं का हो?” विकणारा जे सांगणार नाही ते या बाई एका वाक्यात सांगतील. परवानगी घेऊन शिडीवर चढावे आणि कडी जेथे भिंतीत शिरते तेथे पेचकस दाबून पाहावा. निकोप सागवान पेचकसाला दाद देत नाही. टोक जेमतेम रुतते. तो बोटाच्या पेरभर आत गेला, तर ती कडी गेली असे समजावे. लाकडावर ठोकले असता खणखणीत आवाज यावा. तो पोकळ आला किंवा मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आहे. कडीला थोडा बाक असणे हे मात्र भिण्यासारखे नव्हे. जुने लाकूड ओझ्याखाली हळूहळू वाकतेच. पण बाकाबरोबर दाराच्या चौकटीवर तिरकी ताजी भेग असेल, किंवा दार लागत नाही म्हणून वरून नुकतेच रंधून घेतलेले दिसेल, तर हालचाल अजून थांबलेली नाही.

अनेक चाळींत दुरुस्तीच्या वेळी लाकडी तुळया काढून लोखंडी गर्डर घातले गेले. लोक त्यामुळे निर्धास्त होतात. परंतु गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते, आणि तो फुगून भोवतालचा गिलावा फोडतो. गर्डरच्या रेषेने सरळ जाणारी भेग आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसला, की आत काय चालले आहे ते कळते. दादरकडील सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींतही रोग हाच; फक्त तेथे सळ्या गंजतात आणि छताचे पोपडे पडतात. अशा छताखाली नवीकोरी प्लास्टरची खोटी छतपट्टी लावलेली असेल, तर एक चौकोन उघडून दाखवा, असे नम्रपणे पण हट्टाने म्हणावे.

आणखी एक वजन लोक विसरतात. पाणी ठराविक वेळीच येते म्हणून पोटमाळ्यावर टाकी बसवितात. पाचशे लिटरच्या टाकीतील पाणीच अर्धा टन भरते, आणि ते एक-दोन कड्यांवर येते. टाकी कशावर टेकली आहे, तेवढे वाकून पाहावे. तळमजल्यावर कोणी दुकानासाठी भिंत वा खांब काढला आहे काय, याचीही चौकशी करावी. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेले फेरफार त्याला कारण झाले, असा आरोप पुढे आला.

आता ओल. मुंबईत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीवरील डाग श्रावणात गडद व चैत्रात फिका होत असेल तर तो बाहेरच्या पावसाचा. जो बाराही महिने सारखाच राहतो, तो नळाचा किंवा मोरीचा. तळमजल्यावर जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पांढरी खारी फुटली असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविणे हा या ओलीवरचा उपाय नव्हे. आतले पाणी त्याने अडते आणि अधिक वर चढते. शंका असल्यास प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूस जमले तर पाणी भिंतीतले. खोलीकडच्या बाजूस जमले तर ते हवेतले. मोरीचा संशय असेल तर वरच्या बिऱ्हाडकरूंच्या संमतीने रंगीत पाणी ओतून खाली वाट पाहावी. ते काही तासांनी उतरते, कधी दुसऱ्या दिवशी. लगेच न दिसले म्हणून निकाल देऊ नये.

नळांच्या बाबतीत फार सांगावयाचे नाही. पाणी येण्याच्या वेळी स्वतः हजर राहून बादली किती वेळात भरते ते पाहावे, आणि इमारतीच्या मागील गल्लीत जाऊन बिडाच्या उभ्या पाइपांचे सांधे पाहावेत. पाइप आणि भिंत यांच्या फटीत पिंपळ उगवला असेल, तर तेथे पाणी कायम आहे आणि मुळे भिंतीत शिरत आहेत.

विजेची पाहणी जिन्याखालील मीटरपासून सुरू होते. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची रबरी तार अजून सापडते. ते रबर बोटाने मोडले की चुरा होतो. मालकाने नवे स्विच बसविले म्हणून तार नवी होत नाही. तीन छिद्रांची पेटी असते, पण तिसऱ्या छिद्राला जमिनीची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज व अर्थ यांमध्ये दिवा लावून पाहावा. तो पूर्ण तेजाने लागला, किंवा गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच झटकन पडला, तर अर्थ खरा आहे. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर ती तार केवळ शोभेची आहे. तसे असता नव्या तारा घालण्याचा खर्च किमतीतून वजा मागावा.

किंमत कमी होण्याजोगे दोष आणि घर सोडून देण्याजोगे दोष वेगळे. तारा, नळ, मोरीची फरशी ही पहिल्या वर्गातली. अनेक कड्यांची टोके कुजलेली असणे, किंवा तळमजल्याच्या खांबाला भेग असणे, हा आपल्या एकट्याच्या खोलीचा प्रश्न नव्हे. तो साऱ्या इमारतीचा आहे, आणि आपण आपली खोली कितीही रंगविली तरी तो सुटत नाही. पागडीच्या खोलीत तर आपण भाडेकरूचा हक्क घेतो, इमारत मालकाचीच राहते. म्हणून इसारा देण्यापूर्वी इमारत उपकरप्राप्त आहे काय, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने तिची दुरुस्ती कधी केली, आणि पावसाळ्यापूर्वी मंडळ जी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते तीत तिचे नाव आहे काय, हे पाहावे. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर महापालिकेच्या कायद्याप्रमाणे झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागावी, आणि तीत इंजिनिअरने तुळयांची टोके उघडून पाहिली की नुसतीच खालून पाहिली, तेवढे एक वाक्य शोधावे.