कमरेवरून घसरलेली पँट

पन्नाशीच्या दशकातला एखादा कृष्णधवल हिंदी चित्रपट बघताना नायकाच्या पँटकडे लक्ष द्या. पट्टा बेंबीच्या पातळीवर, त्याखाली चुण्या आणि तिथून बुटापर्यंत ऐसपैस लोंबणारं कापड. आता 2008 च्या सुमाराचे लग्नाचे फोटो काढा. कंबर तीन इंच खाली आलेली, समोरची बाजू सपाट, पाय नळीसारखे. पँटची उंच कंबर खाली का आली, हे एकदा समजलं की चुण्या का गेल्या आणि पाय का आवळले, हेही बऱ्याच अंशी समजतं.

दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून कमरपट्टीपर्यंतची उंची म्हणजे आसनाची उंची. पँट अंगावर कुठे बसणार, हे तीच ठरवते. एक माणूस डोळ्यांपुढे आणू. बेंबीजवळ त्याची कंबर 34 इंच आणि बैठकीचा घेर 40 इंच. त्याला जुन्या पद्धतीची पँट शिवायची तर पुढचं आसन साडेबारा इंचांच्या आसपास ठेवावं लागेल. कापड बैठकीवर 40 इंचांहून थोडं सैल हवं आणि वर जाऊन ते 34 इंचांत मावलं पाहिजे. मधले सहा-सात इंच कुठे घालवायचे? काही मागच्या टिपांमध्ये जातात, काही बाजूच्या शिवणींत. उरलेले समोर चुण्यांमध्ये दुमडले जातात. शिंपी त्यांना प्लेट म्हणतात. प्रत्येक बाजूला दोन प्लेट घेतल्या तर दोन्ही बाजूंचं मिळून तीनेक इंच कापड सहज मावतं.

या प्लेट दिसायला छान असतात, पण त्यांचं खरं काम माणूस बसल्यावर सुरू होतं. खुर्चीत बसलं की बैठकीचा घेर वाढतो. प्लेट तेवढ्यापुरत्या उघडतात आणि उभं राहिलं की पुन्हा मिटतात. शिवाय पुढची इस्त्रीची घडी प्लेटमध्येच जाऊन मिळते, त्यामुळे कमरेपासून बुटापर्यंत एक सरळ रेष दिसते.

अशी पँट बेंबीपाशी राहायची ती गॅलिसच्या जोरावर. खांद्यावरून टांगलेली असल्यामुळे कमरेला आवळायची गरज नसे आणि तिशीतलं जाड लोकरी कापड स्वतःच्या वजनाने सरळ पडे. पण गॅलिस हा तेव्हा आतला कपडा मानला जाई आणि वरचं वेस्टकोट ते झाकून टाकी. घरं आणि ऑफिसं उबदार होत गेली तसं वेस्टकोट मागे पडलं. मग उघडे पडलेले गॅलिसही नकोसे झाले आणि पट्टा आला. पट्ट्याला मात्र टेकायला हाड लागतं. बेंबीपाशी तसं काही नसतं, म्हणून पट्ट्याची पँट दिवसभरात घसरत घसरत कमरेच्या हाडावर येऊन थांबते.

या बदलाचं एक बोलकं उदाहरण ड्यूक ऑफ विंडसरचं आहे. इंग्लंडचं राजपद सोडलेला हा माणूस कपड्यांचा विलक्षण दर्दी होता. त्याचे कोट अनेक वर्षं लंडनचा शिंपी फ्रेडरिक शोल्टे शिवत असे. पँट मात्र तो न्यूयॉर्कहून शिवून घेऊ लागला, कारण लंडनचे शिंपी गॅलिससाठी उंच बेतत आणि त्याला अमेरिकन पद्धतीची, पट्टा लावायची कंबर हवी होती. सूट एक आणि शिंपी दोन देशांतले, हे मला फॅशनच्या इतिहासातलं सगळ्यात स्पष्ट वळण वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाने याला धक्का दिला. कापड वाचवण्यासाठी 1942 मध्ये ब्रिटनने पँटच्या खालच्या दुमडीवर बंदी घातली आणि अमेरिकेत प्लेटही नियमांच्या कचाट्यात आल्या. युद्ध संपल्यावर लोकांनी पुन्हा सैल कपडे अंगावर चढवले खरे, पण पन्नाशीत रोमच्या ब्रियोनीसारख्या शिंप्यांनी आखूड कोट आणि निमुळती पँट पुढे आणली. अमेरिकेतली कॉलेजची मुलं सपाट पुढ्याची पँट घालू लागली. साठीत आपल्याकडे शम्मी कपूर आणि देव आनंद यांच्या पायांत जी नळीची पँट दिसते, ती याच लाटेतली.

सत्तरीतल्या बेलबॉटमवरून एक गोष्ट कळते. आसन खाली आलं म्हणजे पाय निमुळताच होतो, असं नाही. बेलबॉटम कमरेला उतरलेली आणि मांडीला घट्ट असूनही गुडघ्याखाली घंटेसारखी पसरायची. म्हणजे आसनाचा पहिला परिणाम मांडीवर आणि पुढ्यावर होतो, मोहरी हा वेगळा निर्णय असतो. ऐंशीत तर जोर्जो अरमानीने मऊ, सैल सुटांबरोबर प्लेट परत आणल्या आणि आपल्याकडे नव्वदीत बॅगी पँट घराघरांत पोचली.

शेवटचा मोठा कलाटणीचा क्षण 2000 नंतरचा. हेदी स्लिमानने पॅरिसमध्ये डिऑरच्या पुरुषांच्या कपड्यांसाठी इतके सडपातळ सूट बेतले की ते घालता यावेत म्हणून कार्ल लागरफेल्डने चाळीस किलोंहून अधिक वजन उतरवलं. हाच आकार पुढे स्वस्त तयार कपड्यांत उतरला. आपल्या उदाहरणातल्या माणसाला ती पँट साधारण अशी बसेल: पुढचं आसन साडेनऊ इंच आणि मोहरी 14. जुन्या पँटची मोहरी 21 इंचांची होती. कमरपट्टी आता हाडावर, म्हणजे 37 इंचांच्या घेरावर टेकते. तिथून बैठकीपर्यंत फरक फक्त तीन इंचांचा. प्लेटमध्ये घालवायला कापडच उरत नाही, म्हणून पुढा सपाट. तरीही कोणी आखूड आसनाला प्लेट घातल्या तर त्या उभ्या माणसावरही उघड्याच राहतात आणि पोटाखाली फुगवटा दिसतो.

इथे बसण्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. जागा द्यायला प्लेट नाहीत, म्हणून कापडात लवचिक धागा मिसळावा लागतो. तो नसेल तर लगेच कळतं. जांघेपासून दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या पडतात, बाजूचे खिसे कानासारखे उघडतात, बसल्यावर मागची कमरपट्टी खाली ओढली जाते आणि पोटरीवर अडकलेली मोहरी उठल्यावर परत खाली येत नाही. म्हणून ट्रायल रूममध्ये आरशापुढे उभं राहणं पुरेसं नाही. स्टुलावर बसावं, उठावं आणि हात न लावता पँट जागेवर येते का ते बघावं.

गेल्या काही वर्षांत कंबर पुन्हा वर चढते आहे आणि दुकानांत प्लेट दिसू लागल्या आहेत. वडिलांची जुनी पँट कपाटातून काढून शिंप्याकडे न्यायची असेल, तर त्याच्या हातात काय आहे ते आधी समजून घ्यावं. गुडघ्यापासून मोहरीपर्यंत तो पाय बिनधास्त निमुळता करू शकतो. कंबर थोडी आत घेऊ शकतो आणि मागच्या शिवणीत माया असेल तर सोडूही शकतो. पण आसन वाढवायला वर कापडच नसतं. वरून कापून ते कमी करायला गेलं तर चेन, खिसे आणि प्लेट सगळंच उसवून पुन्हा बेतावं लागतं. ते काम नवी पँट शिवण्याएवढंच मोठं असतं.