काउंटरमागचा सातवा महिना

साडीच्या दुकानातली विक्रेती सातव्या महिन्यातही दिवसभर उभी असते. वाढलेलं गर्भाशय शिरांवर दाब देतं, रक्त पायांत साठतं. संध्याकाळी घोटे सुजतात, कधी घेरीही येते. एक पाय बुटक्या पाटावर, थोड्या वेळाने दुसरा, असं केल्याने कंबरेवरचा ताण हलका होतो. तासाभराने पाच मिनिटं बसावं, टाचा उचलून पोटऱ्या हलवाव्यात.

पाणी मात्र अनेकजणी मुद्दाम टाळतात, कारण दुकानात स्वच्छतागृह नसतं. त्यातून मूत्रसंसर्ग बळावतो. ही सोय मालकाने करायलाच हवी.

चेहरा, हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, अंधुक दिसलं, तर रक्तदाब त्याच दिवशी तपासावा.

कायद्यानुसार प्रसूतीपूर्व सहा आठवड्यांच्या आधीच्या महिन्यात, तिने मागणी केल्यास, दीर्घकाळ उभं राहण्याचं काम देता येत नाही.